चार चित्रांच्या मधली जागा

सर्जेरावांनी माझं लायसन गल्ल्यात टाकलं, गल्ल्याला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवावी तशी करगोट्याला अडकवली. मग शिवऱ्याच्या हमरस्त्यावर ठकुबाईच्या चहाच्या हॉटेलात बसून चार ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "कुंडलिकनं माझं इंजिन फोडलं. उतारावर गाडी न्यूटरलला सोडली आन्‌ मग खालचा गिअर कोंबला. ह्याला कुणी स्टेरिंगला हात लावू देऊ नका."

मी तिथं नव्हतो, पण शब्द न्‌ शब्द माझ्यापर्यंत आला. त्या रस्त्यावर डिझेल सांडलं तर वास यायच्या आधी बातमी पोचते.

मी आमच्या वस्तीतला पहिला लायसनवाला. पासष्टच्या लढाईच्या आधीपासून फौजेत गाड्या हाणल्या, सुटून आल्यावर वेल्ह्याकडचा हिरडा आणि भात सर्जेरावांच्या ट्रकमधून खाली आणायला लागलो. ट्रक एकच होता, पण सर्जेराव बोलायचे असे की जणू पन्नास गाड्या दारात उभ्या आहेत. ड्रायव्हराचं नाव गेलं की त्या पट्ट्यातला एकही मालक त्याला उभा करत नाही. मग लायसन गल्ल्यात असलं काय आणि खिशात असलं काय.

आता खरं काय घडलं ते सांगतो. इंजिन नुकतंच सगळं खोलून बांधलं होतं. नवे पिस्टन, नवे व्हॉल्व्ह, टायमिंगचे गिअरही नवे. बांधणारा मानसिंग मिस्त्री, म्हणजे सर्जेरावांचा सख्खा मेहुणा. गाडी हातात आली त्याच दिवशी वरून बारीक टक्क-टक्क ऐकू यायला लागलं आणि चढाला गाडी दम टाकायला लागली. मी सर्जेरावांना सांगितलं. ते म्हणाले, "नवं हाय, रुळंल." दुसऱ्या खेपेनंतर परत सांगितलं. म्हणाले, "तुला फौजेची खोड हाय, दर गोष्टीला रिपोर्ट." पुढच्या खेपेला हिरड्याची पोती भरून वेल्ह्याहून निघालो आणि नसरापूरच्या अलीकडं वरती काहीतरी कडाडलं. तिथंच गाडी उभी केली. पोती बैलगाड्यांवर गेली आणि ट्रक ओढून शिवऱ्याला मिस्त्रीच्या गॅरेजात आणला.

ठकुबाईच्या हॉटेलातलं बोलणं कानावर आलं तसा मी तडक गॅरेजात गेलो. डोक्यात राग होता आणि तो मी लपवला नाही.

सर्जेराव खाटेवर बसले होते. मानसिंगनं इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेलं वरचं झाकण, काढून बाकावर पालथं घातलं होतं, खाली गोणपाट. मी पहिल्यांदा पुढं वाकून टायमिंगच्या गिअरांकडं बघितलं. ते जागेवर नव्हतेच. रॉकेलच्या परातीत धुऊन पुसून ठेवले होते.

"गिअर कुणी काढले?" मी विचारलं.

"म्या," मानसिंग म्हणाला. "साफ करायला नको?"

व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे ते हे गिअर ठरवतात, म्हणून त्यांच्यावर टायमिंगच्या खुणा असतात. बसवताना खुणेसमोर खूण आणावी लागते, एक दाता सरकला तरी वेळ चुकते. जागेवर असते तर खूण चुकली की बरोबर, हे डोळ्यांनी दिसलं असतं. आता परातीतले दोन गिअर काय सांगणार?

"मिस्त्री, तुमच्या हातून दाता चुकला," मी म्हणालो. "आन्‌ मालक, तुमी माझं नाव हॉटेलात घालवलंत."

सर्जेराव उठून उभे राहिले. "आवाज खाली! दोन वर्सं फौजेत पाना फिरवला म्हणून मिस्त्रीला शिकवणार व्हय रं तू?"

"सात वर्सं," मी म्हणालो. "आन्‌ शिकवणार."

मानसिंगनं भिंतीकडं बोट केलं. तिथं तेल कंपनीच्या माणसानं दिलेलं मोठं चित्र टांगलं होतं. इंजिन उभं कापल्यावर आत जसं दिसेल तसं, शेजारी शेजारी चार वेळा काढलेलं. दर दसऱ्याला पान्या-हातोड्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळं कागदावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. मानसिंगला त्या चित्राचा फार अभिमान. गिऱ्हाईक आलं की तो त्याच्यापुढंच उभा राहून बोलायचा.

"हे बघ," तो सर्जेरावांकडं वळून म्हणाला, म्हणजे बोलणं मला आणि ऐकवणं त्यांना. "पयल्या चित्रात वरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा, पिस्टन खाली चाललाय, हवा आत. दुसऱ्यात दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन वर येऊन हवा दाबतोय. तिसऱ्यात डिझेल फवारतंय, भडका उडतोय, पिस्टन खाली ढकलला जातोय, तरी दोन्ही बंदच. चौथ्यात एक्झॉस्ट उघडा, पिस्टन वर, धूर भाईर. पिस्टन पार वर टेकला की व्हॉल्व्ह बंद असतोय. मग व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो कसा? उतारावर खालचा गिअर कोंबून इंजिन बेफाम पळवलं तरच. स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत ओढून घ्यायला जमत न्हाई, व्हॉल्व्ह मागं राहतो आन्‌ पिस्टन त्याला गाठतो. ही ड्रायव्हरची करणी."

सर्जेरावांनी मान डोलावली. एव्हाना आरड्याओरड्यानं ठकुबाईच्या हॉटेलातले ड्रायव्हर गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले होते. कमरेवर हात ठेवून ठकुबाईही आली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मिस्त्री स्वतःच्या पायानं चालत मला हव्या त्या जागी येऊन उभा राहिला होता.

"बेफाम पळवलं तर व्हॉल्व्ह मागं राहतो, हे बरोबर बोललात," मी म्हणालो. "कुठला राहतो?"

"कुठला म्हंजे? कुठलाबी."

"मागं दोन्ही राहू देत. पण पिस्टन गाठंल कुठल्याला?"

मी चित्राजवळ गेलो.

"ह्या चार चित्रांत इंजिन थांबल्यावानी दिसतंय. खरं इंजिन थांबत न्हाई. पयल्या आन्‌ दुसऱ्या चित्राच्या मधी इनलेट बंद होतो. तवा पिस्टन कुठं असतो? खाली. तळ गाठून नुकता वर निघालेला. तिथं इनलेट उशिरा मिटला तरी पिस्टन त्याच्यापासनं वीतभर लांब. गाठणार कसा? आता चौथं चित्र आन्‌ परत पयलं, ह्यांच्या मधी बघा. धूर काढत पिस्टन वर आलाय. एक्झॉस्ट मिटत आलाय, पण पुरता मिटतो पिस्टन वरनं खाली वळल्यावर. तो मागं राहिला तर पिस्टन त्याला ठोकणार. म्हंजे म्या गाडी बेफाम पळवली असंल, तर मार एक्झॉस्टला बसला पायजे."

"आन्‌ दाता चुकला तर?" दारातून एका ड्रायव्हरनं विचारलं.

"त्याच जागी इनलेटबी उघडायला लागतो. पिस्टन वर टेकायच्या जरा आधी, बारीकसा. हे ह्या चित्रात काढलेलं न्हाई, पण फौजेत आमच्याकडनं इंजिन हातानं फिरवून घ्यायचे, तवा डोळ्यांनी दिसायचं. थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. आता व्हॉल्व्ह हलवणारा कॅमचा गिअर एक दाता पुढं बसवला, तर इनलेट लवकर उघडणार, जास्त खाली येणार, आन्‌ वर येणारा पिस्टन त्याला धडकणार. एक्झॉस्ट उलट लवकर मिटणार, त्याला काय व्हायचं न्हाई. ह्यात गाडी पळवायचा संबंधच न्हाई. गाडी पोरानं लोटत नेली तरी मार इनलेटलाच."

सर्जेराव माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण एवढं त्यांना कळलं की आता उत्तर बाकावर पालथं पडलंय.

"हेड उलटं करा, मिस्त्री," मी म्हणालो.

"माझ्या गॅरेजात तू हुकूम सोडतोस?"

"व्हय. माझं नाव तुमच्या बाकावर पालथं पडलंय. उलटं करा, न्हाईतर म्या करतो."

मानसिंग हलला नाही. तेव्हा दारातले दोघं पुढं आले आणि मी त्यांच्याबरोबर हेड उचललं. वजनदार असतं ते, पण त्या दिवशी मला जाणवलं नाही. इनलेट व्हॉल्व्हचं तोंड मोठं असतं, एक्झॉस्टचं लहान, त्यामुळं ओळखायला शाळा लागत नाही. एक मोठा व्हॉल्व्ह वाकून तिरका झाला होता आणि बाकी मोठ्यांच्या कडेला घासल्याची चकचकीत खूण पडली होती. लहान चारही काजळीनं काळेभोर, जसेच्या तसे.

मी रॉकेलचं फडकं घेतलं आणि चारपैकी वर आलेल्या दोन पिस्टनांच्या माथ्यावरून फिरवलं. काजळी निघाली. दोन्हींवर मोठ्या व्हॉल्व्हखाली अर्धचंद्र कोरलेला, लहान व्हॉल्व्हखालची जागा साफ. इंजिन हातानं फिरवून उरलेले दोन वर आणले. तिथंही तेच.

"जुना मार असंल," मानसिंग म्हणाला. आवाज आता पार बसला होता.

"पिस्टन नवे कुणी घातले?"

तो परातीतल्या गिअरांकडं बघत राहिला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "दाजी, दाता चुकला. माझ्या हातनं." एवढं म्हणून तो खाली बसला. माणूस वाईट नव्हता. दाजींना घाबरला होता आणि त्या भीतीपोटी माझा बळी द्यायला निघाला होता. मला त्याची दया आली, पण माफी द्यायची इच्छा काही झाली नाही.

सर्जेरावांनी करगोट्याची किल्ली काढून खाटेखालचा आपला गल्ला उघडला. लायसन माझ्यापुढं धरलं आणि आवाजात एकदम लोणी आलं. "घे बाबा. चूक माणसाच्याच हातनं व्हते. घरातली गोष्ट हाय, भाईर कशाला? इंजिन बांधून झालं की गाडी तूच चालीव."

मी लायसन घेतलं आणि खिशात घातलं. "गाडी चालवतो का न्हाई ते मागनं. पयलं हॉटेलात चला."

"कशाला?"

"जिथं बोललात तिथं बोलायला."

"आरं, हे समदे हितंच हायेत की! ऐकलं त्यांनी."

"ऐकलं ते मिस्त्रीचं. माझं नाव तुमी घेतलं व्हतं."

ते लाल झाले. एका मोठ्या घरच्या माणसानं माझ्यासारख्याच्या सांगण्यावरून रस्ता ओलांडायचा, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, हे मला दिसत होतं. उतरवायची घाई मलाही नव्हती. मी दारात उभा राहिलो. ठकुबाई म्हणाली, "चला की मालक, चहा टाकते," आणि पुढं निघाली. तिच्यामागं ड्रायव्हर निघाले. सर्जेरावांना एकट्यानं खाटेवर बसून राहणं जास्त जड गेलं असावं. तेही निघाले.

हॉटेलात दोन परके ट्रकवाले जेवत बसले होते. सर्जेराव त्याच बाकड्यावर बसले. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला आणि बशीतच बघत पुटपुटले, "कुंडलिकची चूक नव्हती."

त्याच वेळी रस्त्यावरून साताऱ्याकडं एक भरलेला ट्रक धडधडत गेला.

"ऐकू आलं न्हाई, मालक," मी म्हणालो. "ट्रक गेला."

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, जेवणाऱ्या परक्यांकडं बघितलं. मी खिशावर हात ठेवून उभाच होतो आणि रात्र झाली असती तरी उभा राहिलो असतो.

"इंजिन माझ्या मेहुण्यानं फोडलं!" सर्जेराव ओरडले. "कुंडलिकची चूक नव्हती! झालं?"

परक्या ट्रकवाल्यानं हातातला घास थांबवला आणि ठकुबाईला विचारलं, "कुंडलिक कोण?"

"म्या," मी म्हणालो आणि सर्जेरावांसमोरच्या बाकड्यावर बसलो.