पाण्याशिवायचा सौदा

दोघी बहिणींना आपल्या कपड्यांच्या कारखान्यासाठी कापड रंगवायचा कारखाना विकत घ्यायचा होता आणि त्याचा मालक दर बैठकीत नवी अट काढत होता. आधी त्याने गोदाम वगळलं, मग यंत्रांची हमी काढून घेतली. दर वेळी थोरलीने ‘आता एवढंच’ म्हणत मान तुकवली. आज तो म्हणाला, “विहीर मात्र माझीच राहील.”

पाण्याशिवाय कापड रंगवणार कसं?

“ताई, हा सौदा आज पहिल्यांदाच समोर आला असता, तर घेतला असतास?” धाकटीने हळूच विचारलं.

थोरलीने सहीसाठी उचललेलं पेन थांबवलं. मालक हसला. “आता माघार कसली घेता? वकील झाले, तपासण्या झाल्या, वर्ष गेलं. सगळं वाया घालवणार?”

थोरली चपापली. रोज ती याच शब्दांत स्वतःची समजूत काढत होती.

“ते गेलंच आहे,” ती म्हणाली. “सही केली म्हणून परत येणार नाही.”

दोघी उठून जिना उतरू लागल्या.

“अहो, विहिरीचं बघू की!” वरून हाक आली.

तिने धाकटीचा हात घट्ट धरला आणि पावलं भरभर उचलली.