बसूदादाच्या बोलण्यातली रिकामी जागा

माझा चुलत भाऊ बसवेश्वर, आमचा बसूदादा, माणूस लाख मोलाचा. फक्त दोन शब्दांच्या मधे तो एवढा थांबतो, की तेवढ्यात चहा पिऊन व्हावा. मी घाटनांदूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. त्यामुळे दादाला सांगून आलेल्या अंबाजोगाईच्या शिवकांताच्या घरच्यांनी "आधी पोराचा व्हिडिओ पाठवा" म्हटलं आणि ते लोढणं माझ्याच गळ्यात पडलं. आधीची स्थळं मोडली होती. हेही मोडलं तर दादाचे वडील, चन्नप्पाकाका, अंथरूण धरणार, हे नक्की.

काकांच्या सिरसाळ्याच्या कापडदुकानात दादाला खुर्चीत बसवलं.

"मी... आं... काय म्हन्तात त्याला... बसवेश्वर."

स्वतःचं नावसुद्धा आठवावं लागतं बाबाला!

सगळे "आं" कापले, "काय म्हन्तात त्याला" कापलं, शांतताही कापली. बघते तर वाक्यावाक्याला दादाचं डोकं टुणकन उडी मारतंय. श्वास तर कुठेच नाही.

"पोरगीवाले म्हन्तील, ह्याला फिट येती!" काका ओरडले. "मधी मधी दुसरं कायतरी दाखव की, रुद्राणी!"

सल्ला बरोबर होता. कापलेल्या जोडावर दुसरं दृश्य टाकायचं, खाली बोलणं चालू ठेवायचं, की उडी झाकली जाते. मी दुकानातल्या साड्या टाकल्या. काकांनी हौसेनं घरच्या म्हशीचा व्हिडिओ पाठवला, तोही टाकला. आता दादाचा आवाज सांगत होता, "स्वभाव शांत हाय, खायला कायबी चालतं," आणि पडद्यावर म्हैस रवंथ करत होती.

"लई झ्याक!" काका म्हणाले. "धार बी काढताना दाखव."

मी म्हैस उडवली. काका रुसले. मग शहाण्यासारखं काम केलं. दादा मान वळवतो तिथेच कापलं, पुढचा तुकडा जरा जवळून दाखवला, आवाजाची टोकं एकमेकांत विरघळवली. पंख्याची घरघर सलग ठेवली आणि वाक्यांमधे श्वासापुरती जागा सोडली. दादा वकिलासारखा बोलायला लागला. मला स्वतःचा अभिमान वाटला, का वाटू नये?

व्हिडिओ पसंत पडला. आम्ही अंबाजोगाईला गेलो. शिवकांताच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"आं..." दादा म्हणाला. मग काहीच म्हणाला नाही. काकांचा घाम गालावरून खाली आला. मला कात्री हवी होती, पण समोरच्या माणसाला कुठून लावायची?

"व्हिडिओत तर धडाधड बोलत होते की!" वडील म्हणाले.

शिवकांता खळखळून हसली. "बाबा, तो व्हिडिओ बघून मी न्हाईच म्हननार होते. त्यात मला बोलायला जागाच न्हवती. ह्यांच्यात लई हाय."

आणि ती बोलायला लागली. दादा ऐकत राहिला. कांदेपोहे गार झाले तरी दोघांचं संपेना. मला आधी राग आला, एवढी मेहनत वाया गेली म्हणून. मग दादाच्या तोंडाकडे पाहिलं, तो हसत ऐकत होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.