पासष्ट लिटर

सिमेंटच्या धंद्यात प्रत्येकाची भाषा वेगळी. औरंगपुऱ्यातला दुकानदार गोण्यांत बोलतो. पडेगावचा व्यापारी काट्यावरचा माणूस, तो किलोत बोलतो. रेतीवाला घनफुटात, आणि मिक्सर मशीनवाला गयास लिटरच्या खाली उतरायलाच तयार नाही. चौघांचा मेळ घालायचा तो सोमनाथने. ठेकेदार म्हणजे निम्मा दुभाषीच, असं तो म्हणायचा.

पडेगावला, दौलताबाद रोडच्या आत एका प्लॉटवर घराचं काम होतं. पाया खणताना जुना हौद लागला. दगडी, आतून चुन्याने गुळगुळीत केलेला, वर फरशी आणि फरशीला माणूस उतरेल एवढं तोंड. कधीचा कोरडा. त्याच्याजवळ कॉलम येणार होता, म्हणून तो सिमेंट-रेतीच्या पातळ मसाल्याने भरून बंद करायचा ठरला.

आतलं माप पाच फूट लांब, चार रुंद, तीन खोल. साठ घनफूट. एका घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या वर थोडं, म्हणजे सतराशे लिटर.

इथे नवखे गडबडतात. पन्नास किलोची गोणी मोजली तर सव्वा घनफुटाच्या आसपास, पस्तीस लिटर भरते. पण त्यात निम्म्याहून जास्त हवाच. पाण्यात कालवली की त्याच गोणीचे सोळा लिटर उरतात. रेतीचंही तसंच, तीन घनफूट म्हणजे पंच्याऐंशी लिटर दिसते, मसाल्यात जागा अडवते एक्कावन्न. वर तेहतीस लिटर पाणी. एका गोणीला शंभर लिटर मसाला. सोमनाथने पहिल्याच कामावर पस्तीस धरून हिशोब केला होता आणि अर्ध्यात माल संपून मालकाची बोलणी खाल्ली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस, आता ताक फुंकून प्यायचा.

म्हणून त्याने सतरा गोण्या मागवल्या. दहा औरंगपुऱ्यातून, आणि पडेगावच्या व्यापाऱ्याकडून साडेतीनशे किलो, म्हणजे सात. रेती एक्कावन्न घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांच्या ब्रासच्या निम्म्याला चिमूटभर वर. दुपारी मशीन लागलं, गोणीला एक घाणा. सतरावा घाणा ओतता ओतता हौद तोंडापर्यंत भरला आणि गयासने ड्रम थांबवला.

"सोमनाथभाऊ, माल उरला ना."

"किती?"

गयासने ड्रमवरची खूण पाहिली. "पासष्ट लिटर."

सोमनाथला आधी हसूच आलं. माल उरला म्हणून कोण रडतो? पण हसू ओठांवरच राहिलं, कारण हे व्हायला नको होतं. गोणीचं माप चुकलं तर माल कमी पडतो. रेती ओली असली तर ती फुगून मोजली जाते, तरीही कमीच पडतो. कुठे झिरपला, सांडला, तरी कमीच. चुका करायच्या सगळ्या वाटा कमतरतेकडे जात होत्या, आणि इथे माल जास्त होता. हौदाचं माप त्याने स्वतः टेप लावून घेतलं होतं. म्हणजे मसाला बरोबर होता, हौद बरोबर होता, आणि हौदात पासष्ट लिटरची जागा आधीच कुणीतरी अडवलेली होती.

तेवढ्यात द्वारकाबाई डबा घेऊन आली. साइटवरचा राखणदार कडुबा तिचा नवरा. दोघं जवळच पत्र्याच्या खोलीत राहायची.

"हे कुठं हायत? जेवायला आले नाय."

"असतील इथंच, मामी," सोमनाथ म्हणाला.

"हौदात तर नाय निजले? दुपारचं तिथंच पडतात. गार लागतं म्हनून."

कडुबामामा तिथे झोपतात हे त्याला ठाऊक होतं, त्यासाठी तो रागावलाही होता. मसाला सोडण्याआधी त्याने तोंडाशी उभं राहून हाक मारली होती. उत्तर आलं नाही. खाली वाकून टॉर्च मारायला हवा होता. मशीनच्या घाईत मारला नाही. कडुबामामा कानाने अधू आहेत हे आत्ता आठवून काय उपयोग.

पासष्ट लिटर, सव्वादोन घनफूट. माणूस पाण्याइतकाच जड, त्यामुळे साधारण जेवढे किलो तेवढे लिटर. मामा अंगाने बारीक. हे गणित त्याला करायचं नव्हतं, पण डोक्याला सवय होती आणि ते झालं.

त्याने लांब सळई उचलली आणि हौदाच्या तोंडातून तिरकी खाली घातली. मसाला अजून ओला होता. इकडे तळ लागला, टणक. तिकडे तळ लागला, टणक. उगवतीच्या कोपऱ्यात मात्र सळई मध्येच अडली. दगडावर अडते तशी नाही. दाबली की थोडी आत जायची आणि सोडली की मागे यायची. गयासने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पहार आणली आणि फरशीच्या सांध्यात घातली. द्वारकाबाई डबा छातीशी धरून उभी होती.

"काय चाललंय?"

विटांच्या ढिगाजवळ कडुबा उभा होता.

सोमनाथचा जीव भांड्यात पडला. त्याने सळई टाकली, मामांना शिव्या घातल्या, आणि त्याचे डोळे भरून आले. "कुठं होता तुम्ही? हाका मारून घसा बसला."

"इथंच व्हतो," कडुबा म्हणाला.

"काही ऐकू आलं नाही?"

"आलं की. सगळं ऐकू आलं."

गयास हसला नाही. तो हौदाकडे बघत होता. "भाऊ, लेवल उतरली."

मघाशी तोंडाशी टेकलेला मसाला खाली गेला होता. पाणी सुटून मसाला थोडा बसतो, हे सोमनाथला माहीत होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि वर पाणी साचतं. इथे पाणी साचलं नव्हतं. त्याने सळई पुन्हा घेतली आणि उगवतीच्या कोपऱ्यात घातली. सरळ तळाला गेली, टणक.

"उरलेला सोड," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

गयासने ड्रम कलता केला. पासष्ट लिटर गेले आणि मसाला तोंडाशी बरोबर येऊन थांबला. सतरा गोण्या, साडेआठशे किलो, सतराशे लिटर, साठ घनफूट. चारी भाषांत एकच उत्तर आलं. इतका चोख हिशोब सोमनाथच्या आयुष्यात कधी जुळला नव्हता, आणि त्याला इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

त्याने कडुबाकडे पाहिलं. तोंड, हात धुतलेले होते. कानाच्या मागे मात्र राखाडी ओल होती, आणि ती कडेने वाळत पांढरी पडत चालली होती. उन्हात उभं राहूनही त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"चला, घरी जाऊ," कडुबा बायकोला म्हणाला. "भूक लागली."

द्वारकाबाईने त्याचा हात धरला. धरताना तिची बोटं एकदा दचकून सुटली. मग तिने पुन्हा घट्ट धरला. दोघं रस्त्याकडे निघाली. सोमनाथ धावत पुढे गेला. हिशोब त्याचा होता, सांगायचं त्यालाच होतं.

"मामी, थांबा. त्यांना घरी नेऊ नका."

कडुबा चार पावलं पुढे जाऊन थांबला, पाठमोरा. द्वारकाबाईने सोमनाथकडे पाहिलं. तिच्या तळव्याला ओलं सिमेंट लागलं होतं, आणि तिने ते पुसलं नव्हतं.

"मला कळलंय, दादा," ती हळू म्हणाली. "पर घरी यायचं म्हनतायत. नाय कसं म्हनू?"