बांगडीएवढं तळं

पृथ्वीवरच्या प्रत्येक पाण्याला एक ठरलेलं क्षेत्रफळ असतं आणि ते माणसांच्या सोयीनं बदलत नाही, असं तात्या चुरींचं आयुष्यभराचं मत होतं. उमरोळीजवळच्या पाड्यावरच्या तळ्याची त्या डिसेंबरात तीन क्षेत्रफळं निघाली, त्यातली दोन तर एकाच सकाळी आणि तात्यांच्याच नकाशावरून.

तात्या तारापूरला नकाशे काढण्याच्या कामात अठ्ठावीस वर्षं होते. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता आणि उजवा हात थरथरत होता, म्हणजे डोळा आणि हात यांचं एकमत होतं. तरी पाड्यावरची कमळी दारात येऊन म्हणाली, "तात्या, आमचा तलाव कागदावर काढून द्या," तेव्हा ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांच्या पत्नीच्या, विजयाकाकींच्या मते त्यांना म्हणायचंच नव्हतं.

कमळी आणि तिच्या गटातल्या दहा बाया तीन वर्षं त्या तळ्यात रोहू-कटला माशांची पिल्लं सोडत होत्या. आता नवा नियम आला होता. तळं दोन हेक्टर किंवा त्याहून लहान असेल तर गावच्या गटाला, मोठं असेल तर लिलावाला. जुन्या दप्तरात ते दोन पूर्णांक सहा होतं. दप्तर लिहिल्यानंतर तळ्यात किती गाळ आला, हे दप्तराला कोणी कळवलं नव्हतं. बोईसरचा एक ठेकेदार दोनदा मोटारसायकलवरून येऊन पाण्याकडे बघून गेला होता. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कमळीला सांगितलं, "नवा नकाशा आणा. आणि आकडा कॉम्प्युटरचा पाहिजे." हातानं काढलेला आकडा खोटा असू शकतो आणि कॉम्प्युटरचा नसतो, हे तोवर तालुक्यात सर्वमान्य झालं होतं.

मोजणी दोन दिवस चालली. कमळी आणि तिचा नवरा देवू टेपची टोकं धरत आणि तात्या वहीत आकडे लिहीत. बांध बरोबर चार टेप भरला, एकशे वीस मीटर. बांधावरून दर दहा मीटरला काटकोनात पाण्याच्या पलीकडच्या काठापर्यंत अंतर घेतलं. घरी येऊन तात्यांनी वीतभर कागदावर तळं काढलं. रेघ थोडी कापरी आली, पण काठ तरी कुठे सरळ असतो. शेवटी उत्तरदिशा दाखवणारं वर्तुळ काढायचं राहिलं. कंपासचं टोक काही जागेवर ठरेना. विजयाकाकींनी हातातली एक बांगडी काढून कागदावर ठेवली. तात्यांनी तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. वर्तुळ तळ्याच्या तोडीस तोड झालं.

"एवढी मोठी उत्तर?" तात्या म्हणाले.

"मनगट लहान करू?" काकी म्हणाल्या.

रविवारी सगळे बोईसरला सुलूच्या क्लासात जमले. सुलू त्यांची मुलगी. ती दोन कॉम्प्युटरांवर बारा मुलांना शिकवत असे आणि लग्नपत्रिका छापत असे. पत्रिकांवरचा गणपती उतरवण्यासाठी तिनं हातात धरून ओढायचा छोटा स्कॅनर घेतला होता. तिनं कागद टेबलावर ठेवला, बांधाच्या दिशेनं वरून खाली एका झटक्यात स्कॅनर ओढला आणि तळं पडद्यावर आलं.

"आता हे तळं काळं भरायचं आणि काळे ठिपके मोजायचे," ती म्हणाली. "मोजायचा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"म्हणजे आम्ही आलेख-कागदावर चौकोन मोजायचो तेच," तात्या म्हणाले.

"तेच. फक्त चौकोन अडीच लाख."

तात्यांना बरं वाटलं. सुलूनं रंग ओतला. तळं काळं झालं आणि पाठोपाठ अख्खा कागद काळा झाला. तात्यांनी सांडव्यापाशी काठाची रेघ उघडी ठेवली होती, कारण सांडवा उघडाच असतो.

"आख्खा पालघर बुडवलात ओ!" कमळी म्हणाली.

सुलूनं फट बुजवली आणि पुन्हा रंग ओतला. या वेळी पाणी काठातच राहिलं. दोन लाख बावन्न हजार ठिपके. मग तिनं बांधाचे ठिपके मोजले. चारशे. "एकशे वीस मीटरला चारशे, म्हणजे एक ठिपका तीस सेंटिमीटरचा. लांबीलाही तीस, रुंदीलाही तीस. ठिपक्यामागे शून्य पूर्णांक शून्य नऊ चौरस मीटर." तिनं गुणाकार केला आणि पुन्हा एकदा केला.

"किती हाय?" कमळीनं विचारलं.

"दोन पूर्णांक सत्तावीस हेक्टर."

देवूनं टोपी काढून पुन्हा घातली. बाहेरून रिक्षावाल्यांचं हिंदी भांडण ऐकू येत होतं.

"माझा हात," तात्या म्हणाले. "रेघ बाहेर गेली असणार. मला सांगायला हवं होतं, आता जमत नाही म्हणून."

"टेप आमी धरलेला," कमळी म्हणाली. "वाकडा धरला आसंल तर आमी."

"तात्या, काठ जरा आत घेऊ का?" सुलू हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," तात्या म्हणाले. त्यांनी हात खिशात घातला. घातला म्हणजे लपवला.

विजयाकाकी इतका वेळ मागच्या बाकावर मुलांच्या पाट्या असाव्यात तसे कीबोर्ड बघत बसल्या होत्या. त्या उठून पडद्याजवळ आल्या.

"हे काय आहे गं?"

"उत्तरदिशा, आई."

"ही माझी बांगडी नव्हे. हे अंडं आहे."

सुलूनं अंडं मोजलं. आडवं चारशे बहात्तर ठिपके, उभं चारशे. तात्या खुर्चीवरून अर्धे उठले.

"किती जोरात ओढलास तो?"

"नेहमीसारखा. गणपतीला कधी कुणी हरकत घेतली नाही."

"घाईत मधल्या ओळी गळल्या! बांध उभा, म्हणून तोही आखूड झाला. आखूड बांधात एकशे वीस मीटर बसवले, म्हणून तुझा प्रत्येक ठिपका फुगला. उभाही आणि आडवाही." गेल्या सहा वर्षांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते.

या वेळी पट्टी टेकवून, तिच्या कडेनं सुलूनं स्कॅनर ओढला, नवी नवरी माप ओलांडते त्या वेगानं. कागद हलू नये म्हणून तात्यांनी त्यावर हात दाबून धरला. हात थरथरत होता. काकींनी त्यावर आपला ठेवला, मग थरथरला नाही.

बांगडी दोन्हीकडून चारशे बहात्तर आली. बांधही चारशे बहात्तर. तळ्याचे ठिपके दोन लाख सत्त्याण्णव हजार तीनशे साठ.

"ठिपके वाढले की ओ!" कमळी घाबरली.

"वाढू दे. प्रत्येक ठिपका लहान झालाय," तात्या म्हणाले. "साडेपंधरा ठिपक्यांचा एक चौरस मीटर."

एक पूर्णांक ब्याण्णव हेक्टर. कमळीनं काकींचा हात धरला आणि बांगडीकडे देवाकडे बघावं तसं बघितलं.

नकाशा सोमवारी भाऊसाहेबांकडे गेला. तात्यांनी सोबत बांगडीचा पुरावा जोडून अडीच पानांचं टिपण दिलं होतं. महिन्याभरात तळं कमळीच्या गटाला मिळालं.

ज्या फॉर्मवरून हा निकाल लागला, त्यात ‘क्षेत्र, पूर्ण हेक्टरात’ असा रकाना होता. भाऊसाहेबांनी एक पूर्णांक ब्याण्णव वाचलं आणि २ लिहिलं. दोन पूर्णांक सत्तावीस वाचलं असतं, तरी त्यांनी २च लिहिलं असतं.