तीस टक्क्यांचा दिवस

कन्हानजवळच्या वीटभट्टीवर त्या दुपारी अवकाळी पाऊस पडला आणि आठ दिवसांच्या कच्च्या विटांचा चिखल झाला. कौशल्याबाईंच्या नातीनं, करिष्मानं, त्यांच्या खोलीत येताच भट्टीवरच्या कामगाराच्या, अंकुशच्या नावानं बोटं मोडली.

"सगळ्यांसमोर त्याले बाहेर काढतो. ताडपत्र्या काहून नाही टाकल्या म्हणा!"

"सकाळी तो तुले विचारून गेला ना वं? मी इथंच बसून होती," कौशल्याबाई म्हणाल्या.

करिष्माचा चेहरा उतरला. "मोबाईलमधी पावसाचा अंदाज तीसच टक्के होता, आजी. तीस म्हणजे नाहीच ना! म्हणून मी नको म्हटलं. पण मालकीण चुकली हे कोण सांगन लोकायले?"

कौशल्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे बोलणं त्यांचंच होतं, फक्त तोंड नातीचं.

"बस. एक गोष्ट आईक. आपला नत्थूजी दिवाणजी रोज कॅलेंडरवर पावसाचा अंदाज लिवे, अन् संध्याकाळी पाऊस पडला का नाही तेबी लिवे. एका सकाळी म्हणे, बाई, तीस टक्के आहे, झाकू का? मी म्हटलं, राहू दे. पाऊस आला. अन् मी चौघात म्हटलं, यानं मले सांगितलंच नाही."

"मग?"

"तो गुमान घरी गेला. मंग मी ते कॅलेंडर काढलं. तीस लिवलेले एकेचाळीस दिवस होते, त्यातले तेरा दिवस आपल्या भट्टीवर पाऊस होता. तीस म्हणजे थोडासा पाऊस नाही, का अर्ध्या घंट्याचा पाऊस नाही. असे दहा दिवस आले तर तीनेक दिवस पडते. आजचा दिवस त्या तिनातला का सातातला, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आपलं किती जाईन ते पाहाव. झाकाले दोन घंटे, विटा पाडाले आठ दिवस. तीसलेबी झाकावच लागते."

"अन् नत्थूजीले सांगितलं, तुझं खरं होतं म्हणून?"

"नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो वारला होता.

करिष्मा उठली. बाहेर सगळे मजूर चिखल उपसत होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "अंकुशनं विचारलं होतं. मीच नको म्हटलं. चूक माझी आहे."

कौशल्याबाई काठी टेकत मागोमाग आल्या. आता गप्प बसलं तर नातीपेक्षाही आपण खुज्या, हे त्यांना कळत होतं. "नत्थूजीनंबी मले सांगितलं होतं," त्या कशाबशा बोलल्या. "मी खोटी बोलली होती."

अंकुशनं फावडं खाली ठेवलं.

"माझा मामा होता तो, बाई," तो म्हणाला. "मरेपर्यंत म्हणे, बाई खोटं कायले बोलतीन? मीच सांगाचं विसरलो असन."