मराठी पत्रातली दोन वर्षं

शंका घ्यायला फौजदारबाईंना निमित्त लागत नसे. फौजदार हे नाव त्यांना वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनी ठेवलेलं, हुद्दा व्यवस्थापिकेचा. दुधाच्या पिशव्या कमी भरल्या तरी त्या आधी दूधवाल्याकडे बघत, मग स्वयंपाकघराकडे, आणि शेवटी नाइलाजाने हिशोबाकडे.

नोकरीच्या अर्जांच्या बाबतीत मात्र त्यांची शंका अगदीच उगीच नव्हती. परदेशात येऊन म्हातारी झालेली मराठी माणसं इथे राहत. स्मरणशक्ती ढासळू लागली, की त्यांची उमेदीत शिकलेली इथली भाषा आधी जाई आणि लहानपणीची मराठी तेवढी उरे. म्हणून परिचारिकेच्या जागेसाठी दोन कागद मागवले जात. इंग्रजी सीव्ही आश्रमामार्फत सरकारी परवाना कार्यालयाकडे जायचा, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला मराठी अर्ज आश्रमासाठी. मागे एका पठ्ठ्याने इतका गोड अर्ज धाडला होता, की आश्रमाची निवड समिती हुरळून गेली. प्रत्यक्षात आला तेव्हा त्याला आजोबांना ‘कूस बदला’ हेसुद्धा सांगता येईना. अर्ज पैसे देऊन लिहून घेतलेला होता. तेव्हापासून छान अर्ज दिसला की बाईंच्या कपाळाला आठी पडायची.

या वेळी बाईंचा जीव त्या जागेत अडकला होता, कारण सगळ्यात शेवटच्या खोलीत त्यांची स्वतःची आई होती. आईला आता मराठीखेरीज काही कळत नसे. मदतनीस मुली गोड बोलून घास पुढे करत, पण काय बोलतात ते न समजल्यामुळे आई तोंड घट्ट मिटून घेई. बाई स्वतः भरवायला बसल्या, तर ‘तू त्या बायांनाच सामील’ म्हणे. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. बाईंना ते बघवत नव्हतं.

अर्ज आला तो भारतातल्या एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेचा. अक्षर गिचमिड, एका ठिकाणी शब्द खोडलेला. बाईंना तेवढ्यावरच बरं वाटलं. ‘महोदया, सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर मी नोकरी सोडून दोन वर्षे घरी त्यांचे सर्व केले. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होते. शेवटपर्यंत पाठीला जखम होऊ दिली नाही.’ हे वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. आईची पाठ त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

मग सवयीप्रमाणे त्यांनी सीव्ही शेजारी ठेवला आणि पट्टी धरून एकेक ओळ जुळवायला घेतली. इंग्रजीत आताची नोकरी सगळ्यात वर, जुनी खाली. मराठी पत्रात पहिल्यापासून पुढे. त्यामुळे एक कागद वरून आणि दुसरा खालून वाचावा लागे. शिक्षण जुळलं. पहिली नोकरी जुळली. आताची आठ महिन्यांची नोकरीही जुळली. मधल्या दोन वर्षांपाशी पट्टी थांबली. इंग्रजीत सासूबाईंचा पत्ताच नव्हता. तिथे एक खासगी शुश्रूषा केंद्र होतं, ‘वरिष्ठ परिचारिका’ असं पद होतं, आणि ओळख देणारे म्हणून संचालकांचा फोन नंबर होता.

‘आली का पंचाईत,’ असं पुटपुटत बाईंनी नंबर फिरवला.

“नमस्कार, परदेशी नोकरी सल्ला केंद्र,” पलीकडचा माणूस म्हणाला. बाईंनी शुश्रूषा केंद्राचं नाव घेताच तो खाकरला आणि आवाज जाड करून म्हणाला, “हां हां, मीच संचालक. फार गुणी मुलगी, मॅडम.”

बाईंनी फोन ठेवला. एजंट एक, केंद्रं दोन. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच दुपारी त्यांनी परिचारिकेला व्हिडिओवर बोलावलं. लॅपटॉप आईच्या खोलीत होता, कारण आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि बाई वाटी घेऊन तिथेच बसल्या होत्या. पडद्यावर तिशीतली परिचारिका दिसली. नुकतीच ड्युटी संपवून आलेली, केसांची पिन तोंडात.

“दोन वर्षं कुठे होतात?” बाईंनी नमस्कारही न करता विचारलं.

तिने पिन काढली. “घरी, ताई. पत्रात लिहिलंय की.”

“आणि सीव्हीत?”

तिने पिन केसांत खोचली. मग म्हणाली, “एजंट म्हणाले, मध्ये रिकामी जागा दिसली की तुमचे लोक फाईल बाजूला टाकतात. परवान्याला अर्जाआधी सलग बारा महिने पगारी काम लागतं, माझे आठच झालेत. मी वाचून सही केली. मला कळत नव्हतं असं नाही म्हणणार.”

“मग पत्रात तरी का नाही तीच थाप मारलीत?”

“पत्र माझं मी लिहायला बसले होते ना. सासूबाईंना केंद्रातली पेशंट म्हणून लिहायला हातच धजेना.”

बाईंना हे खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून लगेच शंका आली. हीसुद्धा घोकून ठेवलेली ओळ नसेल कशावरून? त्या पुढचा प्रश्न जुळवत होत्या, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“कोण गं बोलतंय?”

“आजी, मी,” परिचारिका पुढे वाकून म्हणाली. “जेवलात का?”

“कुठलं जेवते! ह्या बाया काय बोलतात देव जाणे. काहीबाही घालत असतील त्यात.”

“बघू वाटी. अहो, भातच आहे. मऊ केलाय चांगला. मी बघतेय इथून, एक घास घ्या. गरम आहे का सांगा मला.”

आईने तोंड उघडलं. सांगण्यासाठी म्हणून दुसरा घास घेतला, मग तिसरा. बाईंनी चौथा चमचा भरला.

संध्याकाळी त्या दोन्ही कागद घेऊन ऑफिसात बसल्या. परवाना कार्यालयात मराठी वाचणारं कुणी नव्हतं. समितीचे अध्यक्ष फक्त ‘मराठी येतं ना?’ एवढंच विचारत. हे दोन कागद शेजारी ठेवून बघणारं माणूस अख्ख्या देशात एकच होतं, आणि त्याची आई उपाशी होती. सीव्ही तसाच पुढे पाठवायचा, बस. पकडलं गेलं तर त्या पोरीला जन्मात परवाना मिळाला नसता. पण पकडणार कोण? आयुष्यभर दुसऱ्यांवर डोळा ठेवलेल्या बाईंना पहिल्यांदाच स्वतःचा संशय आला, आणि तो खोटा नव्हता. लिफाफ्यावर पत्तासुद्धा लिहून झाला होता.

त्यांनी लिफाफ्यातून सीव्ही बाहेर काढला. मग त्यांनी परिचारिकेला फोन लावला.

“हा सीव्ही मी पाठवत नाही. नवीन करा. एजंटला दारात उभं करू नका. त्या दोन वर्षांपुढे सरळ लिहा, घरी सासूबाईंची बिनपगारी शुश्रूषा. ओळख द्यायला त्यांच्या डॉक्टरांचं नाव घाला. आणि बारा महिने भरले की अर्ज करा.”

“म्हणजे अजून चार महिने. तोवर जागा राहील?”

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“आजींनी दुपारनंतर काही खाल्लं का?”

बाईंनी फोन ठेवला आणि वाटी घेऊन शेवटच्या खोलीत गेल्या. आई उशीला टेकून दाराकडे बघत होती.

“ती मगाची कधी येणार?”

“चार महिन्यांनी येईल, आई. बहुतेक. तोवर माझ्या हातून खा.”

आईने लेकीकडे नीट निरखून पाहिलं, अगदी लेक अर्जांकडे बघायची तसंच.

“ती यायला तयार असणार,” आई म्हणाली. “तूच येऊ दिलं नाहीस तिला.” आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.