कोपऱ्यातलं अक्षर

दोन भडंगाचे डबे होते. एकावर शकुंतलेनं निळ्या शाईनं लिहिलं होतं 'सुटे', दुसऱ्यावर 'एकजीव'. पुस्तकातली नावं फार मोठी होती, अश्लिष्ट आणि श्लिष्ट. दोन्हींत फरक फक्त एका 'अ'चा, म्हणून घाईत चिठ्ठी चुकीच्या डब्यात पडायची. तेव्हा आम्ही आपली साधी नावं ठेवली.

शकुंतला सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची आणि गावभागात आमच्या वरच्या खोलीत राहायची. तिला डॉक्टरेट करायची होती. मी सातवी शिकलेली. पुढचं जे काही आलं ते नगर वाचनालयातल्या पुस्तकांतून, मिळेल तसं. पण माझं माहेर अथणीचं, कानडी घरातलंच. त्यामुळं तिला माझी गरज होती आणि खरं सांगायचं तर मला तिची जास्त होती. पंचेचाळीस वर्षांत कुणी मला 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं नव्हतं. ती रोज विचारायची.

तिचा विषय असा: एकाच बाईच्या तोंडून दोन भाषा घ्यायच्या, मराठी आणि कानडी, आणि त्यांचे शब्द कसे बांधलेले आहेत ते बघायचं. ती बाई म्हणजे मनुबाई. माहेर जतकडचं, कानडी. नांदायला आली ती सांगलीत, हळद निवडायच्या कामावर. एकच गोष्ट तिनं दोन्ही भाषांत सांगायची होती. कॉलेजचा टेपरेकॉर्डर बघून ती म्हणाली, "आवं बाई, माजा आवाज ह्यात गेला तर परत भायेर येतोय का न्हाई?"

"येतो की."

"न्हाईतर घरला गेल्यावर नवऱ्याशी भांडू कशानं?"

मग तिनं शेजारणीच्या लग्नातल्या अक्षता शेळ्यांनी कशा खाल्ल्या ते सांगितलं. आधी मराठीत, मग कानडीत. कानडीत शेळ्या जास्त वाईट होत्या.

त्या टेपवरून, आणि तिच्या आणखी दहा गोष्टींवरून, आम्ही प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी केली. कोपऱ्यात भाषेचं अक्षर: 'क' किंवा 'म'. नियम सोपा होता. शब्दाचे तुकडे स्वच्छ सुटत असतील, प्रत्येक तुकडा एकच काम करत असेल, शेजाऱ्यामुळं त्याचं तोंड बदलत नसेल, तर 'सुटे'. तुकडे एकमेकांत मुरले असतील, किंवा एकाच तुकड्यात दोन-तीन अर्थ कोंबले असतील, तर 'एकजीव'. कानडीतलं 'आडुगळिगे' घ्या. आडु म्हणजे शेळी, गळ म्हणजे पुष्कळ, इगे म्हणजे 'ला'. तीन तुकडे, तीन कामं. मराठीत 'शेळ्यांना' म्हणताना शेळीची 'ई' गेली, आणि तो 'ना' एकटाच 'पुष्कळ' आणि 'कुणाला' दोन्ही सांगतो. एकीलाच द्यायचं असेल तर तिथं 'ला' लागतो. तेव्हा कानडी सुट्यांत, मराठी एकजीवात. पुस्तकातही असंच होतं.

पण शब्द पुस्तक वाचून बोलत नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या हातात आलं 'घरातल्यांसाठी'. त्यातला 'साठी' अगदी स्वच्छ सुटतो, एका घरासाठी वापरा की शंभर घरांसाठी, तसाच. 'त' पण सुटतो. पण मधला 'ल्यां' कशाकशानं भरलाय कोण जाणे. एकाच शब्दाचं एक टोक एका डब्यात, पोट दुसऱ्या डब्यात. मग 'केलंस' आलं. 'कर'चं 'के' होऊन गेलं, मूळच ओळखू येईना. पण शेवटचा 'स' असा सुटला की बस. 'गेलास', 'बसलास', सगळीकडं तोच. आणि आमची नीटनेटकी कानडी? 'कोट्टळु', म्हणजे तिनं दिलं. मूळ 'कोडु'. त्यातला 'कोडु' कुठं संपला आणि भूतकाळ कुठं सुरू झाला, मला सापडेना. आणि 'अळु'त ती बाई आहे, एकटी आहे आणि तिसरीच कुणी आहे, हे सगळं एका घासात.

मी विचारायला वर गेले. अभ्यासरजेवर असूनही शकुंतलेच्या पुढं मुलांच्या पेपरांचा ढीग होता.

"तुम्हीच ठरवा, गोदाताई. तुमचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे."

हे वाक्य मी खाली घेऊन आले आणि दोन दिवस त्याच्यावर जगले. त्या वाक्यानंच घात केला. ज्या बाईचा कान चांगला, तिनं परत वर जाऊन 'मला जमत नाही' कसं म्हणायचं?

तिसरा ढीग वाढत गेला. तीनशे चाळीस चिठ्ठ्या, कुठल्याच डब्यात न जाणाऱ्या. एका दुपारी मी शब्द वाचायचं सोडून दिलं. नुसता कोपरा बघितला. 'क' असेल तर सुटे. 'म' असेल तर एकजीव. दोन दुपारींत सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्या. लसूण सोलल्यासारखं काम.

आकडा असा सुंदर आला की शकुंतला टाळ्या वाजवत जिना उतरली. शंभरातल्या चौऱ्याण्णव कानडी चिठ्ठ्या एका डब्यात, शंभरातल्या ब्याण्णव मराठी दुसऱ्यात. "एकाच बाईचं तोंड, गोदाताई, आणि मध्ये असं कुंपण!" तिनं प्रबंधाचा चौथा भाग त्यावर उभा केला. साताऱ्याच्या कॉलेजात जानेवारीत परिषद होती, पंचाहत्तर सालची. तिचा गोषवारा तिथं आधीच गेला होता. अध्यक्षस्थानी वाईचे विष्णुपंत, म्हणजे तेच, जे पुढं तिचा प्रबंध तपासणार होते. तिची अभ्यासरजा मार्चपर्यंत. विष्णुपंतांनी बरं मत दिलं तर वर्षानं वाढणार, नाही तर पुन्हा रोज पाच तास वर्ग आणि प्रबंध कपाटात.

परिषदेच्या चार दिवस आधी तिनं मला निबंध ऐकायला बसवलं. भिंतीवर तक्ता: मध्ये जाड काळी रेघ, इकडं कानडी, तिकडं मराठी. ती रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ आपण ओढली नाही, आकड्यांनीच ओढली."

माझ्या हातातला चहा गार झाला.

"शकुंतला, ती रेघ मी ओढली."

तिला वाटलं मी तक्त्याबद्दल बोलतेय. मग मी सगळं सांगितलं. तीनशे चाळीस चिठ्ठ्या, कोपरा, दोन दुपारी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या?"

"ते आता मलाही सांगता यायचं नाही. सगळ्या मिसळल्या."

ती खाली बसली. मग उठून कात्री घेतली आणि एका चिठ्ठीचा कोपरा कापला. दुसरीचा कापला. "परत लावू. आता भाषा दिसणार नाही."

"अगं, शब्द वाचला की भाषा दिसतेच," मी म्हणाले. "'कोट्टळु' वाचून मला मराठी वाटणार आहे का? कोपरा कापून माझं मन कसं कापशील?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला वाटलं, आता उठवणार. पण तिनं कात्री खाली ठेवली.

"मग शब्दाला डबाच द्यायचा नाही," ती हळूहळू बोलली. "शब्द नको. सांधा. प्रत्येक सांध्यापाशी एकच प्रश्न: सुटतो की नाही? तुम्ही वेगळं मोजायचं, मी वेगळं. मग ताडून बघायचं."

चार दिवसांत सगळं होणार नव्हतं. आम्ही फक्त ती अक्षता खाणाऱ्या शेळ्यांची गोष्ट घेतली. दोन्ही भाषांतले दोनशे-दोनशे सांधे. 'घरातल्यांसाठी'ला आता कुठला डबा हा प्रश्नच उरला नाही. साठीपाशी एक खूण, ल्यांपाशी दुसरी, पुढं चला. जिथं आमच्या दोघींच्या खुणा जुळल्या नाहीत तिथं भांडलो. कोट्टळुवरून तर पाऊण तास.

आकडा आला. कानडीत दोनशेपैकी एकशे सेहेचाळीस सांधे सुटणारे. मराठीत सत्त्याण्णव. कानडी पुढं होती, पण कुंपणाच्या पलीकडं नव्हती. त्याच रस्त्यावर काही पावलं पुढं. शिवाय नामं वेगळी मोजली की मराठी कानडीच्या जवळ सरकायची, आणि भूतकाळातली क्रियापदं वेगळी मोजली की कानडी मागं यायची. भाषेला एक जागासुद्धा नव्हती धड. तिच्या एकेका भागाची वेगळी होती.

शकुंतलेनं तक्ता उतरवला. मला आनंद झाला असं लिहायला हवं, कारण हे त्या कुंपणापेक्षा खरं होतं. पण मला सारखं दिसत होतं ते एवढंच, की हे तिला दोन महिने आधी सापडलं असतं.

साताऱ्याच्या सभागृहात मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. शकुंतलेनं सुरुवातच केली: "माझ्या गोषवाऱ्यातले आकडे चुकीचे आहेत, ते कृपया खोडावेत." मग तिनं फळ्यावर एक आडवी रेघ काढली, दोन्ही टोकांना डब्यांची नावं लिहिली आणि सांगितलं की टोकावर कुणीच राहत नाही.

एक प्राध्यापक उठले. "म्हणजे मराठी कशात धरायची, बाई? परीक्षेत मुलांनी एक उत्तर लिहायला नको का?"

"मुलांना 'कशात' नको, 'किती' ते लिहू द्या," ती म्हणाली. लोक हसले. विष्णुपंत हसले नाहीत.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "चौऱ्याण्णवाचे एकदम त्र्याहत्तर कसे झाले? आधीच्या चिठ्ठ्या लावल्या कुणी?"

मला उठायचं होतं. माझी पिशवी मांडीवर होती, मी तिचे बंद घट्ट धरले, एवढंच मला आठवतं.

"माझं काम आहे," शकुंतला म्हणाली. "चूक माझी."

"मग सगळ्याच गोष्टींची मोजणी परत करा. रस्ता बरा दिसतोय," विष्णुपंत म्हणाले. "पण दोनशे सांध्यांवर मी मत देणार नाही. मार्चमध्ये तर नाहीच."

सभागृहात अजून कुणीतरी काहीतरी विचारलं. मी बसूनच होते.

परतीच्या एसटीनं कराड सोडलं. मग मी म्हणाले, "मी उठायला हवं होतं."

"हो."

"माझं नाव सांगायचंस तू."

"अक्षर कोपऱ्यात मी लिहिलं होतं, गोदाताई. डबे दोनच मी ठेवले होते. आणि तुम्ही विचारायला वर आलात तेव्हा मी पेपर तपासत होते." ती खिडकीबाहेर बघत होती. "हे सगळं मला कळतं. तरी मला तुमचा फार राग आलाय. आज माझ्याशी बोलू नका."



मार्चनंतर तिचे वर्ग सुरू झाले. आता मोजणीला फक्त रविवार. पहिल्या रविवारी मी नेहमीच्या वेळी जिना चढले आणि दाराशी थांबले; आत जायचा हक्क राहिला आहे का ते मला माहीत नव्हतं. दार उघडंच होतं. टेबलावर दोन कोरे कागद, मध्ये पुस्तकांची उभी भिंत, म्हणजे एकीला दुसरीचं दिसू नये.

"माझ्या खुणा बघायच्या नाहीत," शकुंतला मान वर न करता म्हणाली. "आणि अडलं तर विचारायचं. मी पेपर तपासत असले तरी."

मी बसले. अजून अकराशे चिठ्ठ्या होत्या. तिसऱ्याच चिठ्ठीला मी अडले. गप्प बसावंसं वाटलं, जुनी सवय. मग पुस्तकांच्या वरून विचारलं.